दोन सप्लाय रिकामे, तरी काम थांबवलेलं: टेस्ट लॅबमधल्या डेडलॉकवर बँकर्स अल्गोरिदम

पार्श्वभूमी

पुण्याजवळची एक लॅब गाड्यांमधल्या ईसीयूच्या, म्हणजे गाडीचे वेगवेगळे भाग चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, चाचण्या घेते. दिवसा इंजिनिअर टेस्ट लिहितात आणि रात्री त्या आपोआप चालतात. सामान सगळ्यांना मिळून एकच: एका रॅकमध्ये ६ प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय आणि ईसीयू ज्या कॅन बसवरून एकमेकांशी बोलतात तिला जोडणारे ८ कॅन इंटरफेस. सप्लाय सगळे एकाच मॉडेलचे आणि इंटरफेसही तसेच, त्यामुळे कुठल्या नंबरचा मिळाला याने टेस्टला फरक पडत नाही. वाटपाचं काम एक छोटा ब्रोकर प्रोग्राम करतो. टेस्टने मागितलं आणि रॅकमध्ये असलं की तो देतो, नसलं की टेस्टला थांबवून ठेवतो.

एखादी टेस्ट सगळं सामान सुरुवातीलाच घेत नाही. बॅटरी मॅनेजमेंटची टेस्ट आधी दोन सप्लायवर चालते आणि सेलमधला फरक दाखवायची पायरी आली की आणखी दोन मागते. गेटवेची टेस्ट तर पहिल्यांदा फक्त एक कॅन इंटरफेस घेऊन ऐकत बसते, कारण युनिटला वीज मिळताक्षणी बसवर येणारे पहिले मेसेज तिला पकडायचे असतात. सप्लाय ती नंतर मागते. हातातलं न सोडता पुढचं मागायचं, हीच या टेस्टची रीत.

अडचण

आठवड्यातून एखाद्या सकाळी रिपोर्टच तयार नसायचा. चारही टेस्ट चालू दिसत, पण लॉगमध्ये प्रत्येकीची शेवटची ओळ `waiting for resource` असायची आणि ती मध्यरात्रीच्या सुमाराची. सर्व्हरवर भार नाही, कुठे एरर नाही. ब्रोकर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत चाले, म्हणून बरेच दिवस नेटवर्कलाच दोष दिला जात होता.

शेवटी एका रात्रीचा ब्रोकरचा लॉग ओळीने कागदावर मांडला गेला. अडकण्याआधी काही मिनिटं स्थिती अशी होती. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा सप्लायचा आणि दुसरा कॅन इंटरफेसचा आहे.

| टेस्ट | हातात | जास्तीत जास्त लागेल | अजून लागू शकेल |
|---|---|---|---|
| क (बॉडी कंट्रोल) | १, २ | ३, ५ | २, ३ |
| ख (इन्स्ट्रुमेंट क्लस्टर) | १, २ | २, ४ | १, २ |
| ग (बॅटरी मॅनेजमेंट) | २, १ | ४, ३ | २, २ |
| घ (गेटवे) | ०, १ | १, ५ | १, ४ |

एकूण ४ सप्लाय आणि ६ इंटरफेस वाटलेले होते, रॅकमध्ये २ आणि २ उरले होते. मग क ने एक सप्लाय आणि एक इंटरफेस मागितला. रॅकमध्ये होते, ब्रोकरने दिले. घ ने एक इंटरफेस मागितला, तोही दिला. ग ने एक सप्लाय मागितला, तोही दिला. रॅक रिकामा झाला. आता क, ख आणि ग यांना प्रत्येकी १ सप्लाय आणि २ इंटरफेस हवे होते, घ ला १ आणि ३. प्रत्येक टेस्ट दुसरीने हातातलं सोडण्याची वाट बघत होती आणि सोडणारं कोणीच नव्हतं. यालाच डेडलॉक म्हणतात.

या लॉगमधली खरी शिकण्यासारखी जागा शेवटची मागणी नव्हे, पहिली आहे. क ला एक-एक नग दिला त्या क्षणी डेडलॉक झालेला नव्हता. रॅकमध्ये अजून १ आणि १ शिल्लक होता. पण त्यानंतर चारपैकी एकीचीही पूर्ण गरज त्या उरलेल्यातून भागू शकत नव्हती. ख ला सगळ्यांत कमी लागत होतं, तरी तिलाही दोन इंटरफेस हवे होते. म्हणजे इथून पुढे सगळ्यांचं काम तडीस जाईल याची हमी संपली. ख ने त्या रात्री आपली कमाल गरज न मागताच काम आटोपलं असतं, तर सगळं निभावून गेलं असतं. बहुतेक रात्री तसंच होत होतं, म्हणूनच दोष सापडत नव्हता. अशा स्थितीला असुरक्षित म्हणतात. असुरक्षित म्हणजे डेडलॉक नव्हे. डेडलॉक टळणं आता आपल्या हातात उरलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोणते मार्ग तपासले

पहिला विचार टाइमआउटचा झाला: अर्धा तास थांबलेली टेस्ट मारून टाकायची आणि तिचं सामान सोडवायचं. डेटाबेस साधारण असंच करतात, एक व्यवहार रद्द करून बाकीच्यांना वाट देतात. पण डेटाबेसचा व्यवहार मागे फिरवता येतो, अर्धवट फ्लॅश झालेला ईसीयू मागे फिरवता येत नाही. सॉफ्टवेअर भरताना वीज गेली तर युनिट बूटलोडरमध्ये अडकतं आणि कधीकधी उघडून दुरुस्त करावं लागतं. शिवाय सहा तास तापवत ठेवलेल्या युनिटची टेस्ट मारली तर ते सहा तास वाया. हा मार्ग तिथेच सोडला.

दुसरा मार्ग सगळं सामान सुरुवातीलाच घेण्याचा. डेडलॉक यात होऊच शकत नाही, आणि ब्रोकरमध्ये बदलही थोडाच लागतो. पण आकडे मांडले तेव्हा चित्र वाईट निघालं. क आणि ख मिळून ९ इंटरफेस होतात, आहेत ८. क आणि ग मिळून ७ सप्लाय होतात, आहेत ६. क आणि घ ला १० इंटरफेस लागतात, ख आणि घ ला ९. एकत्र चालू शकतील अशा जोड्या दोनच उरतात, ख-ग आणि ग-घ. क ला कायम एकटीनेच चालावं लागलं असतं, तेही बराचसा वेळ अर्धा रॅक न वापरता. रात्रीची कामं सकाळपर्यंत संपली नसती.

तिसरा मार्ग क्रम ठरवण्याचा: आधी सप्लाय, मगच इंटरफेस, उलटं कधीच नाही. वेगवेगळ्या कुलपांच्या बाबतीत हा उपाय उत्तम चालतो आणि शक्य असेल तिथे आधी तोच करावा. इथे दोन ठिकाणी तो अडला. गेटवेच्या टेस्टला इंटरफेस आधीच लागतो, त्याशिवाय तिला अर्थ नाही. आणि एकाच प्रकारचे नग टप्प्याटप्प्याने मागितले जातात, तेव्हा प्रकारांचा क्रम लावून काही साधत नाही. रॅकमध्ये इंटरफेस उरले नसतील तर दोन इंटरफेस धरून तिसरा मागणाऱ्या दोन टेस्ट एकमेकींना तशाच अडवतात.

राहिला बँकर्स अल्गोरिदम. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या आसपास तो मांडला. ठरावीक भांडवल असलेला बँकर कर्जदारांना हप्त्याहप्त्याने पैसे देतो, पण सगळ्यांची कामं पुरी होऊन पैसे परत येण्याची एक तरी वाट शिल्लक राहील असाच हप्ता मंजूर करतो. मूळ मांडणी एकाच प्रकारच्या साधनाची होती, हाबरमन यांनी १९६९ मध्ये ती अनेक प्रकारांसाठी वाढवली. सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा वापरला जात नाही, कारण बहुतेक प्रोग्रामना आपली कमाल गरज आधी सांगता येत नाही आणि प्रोग्राम सतत येत-जात असतात. लॅबमध्ये मात्र त्याच्या तिन्ही अटी पुऱ्या होत होत्या. नगांची संख्या ठरलेली, प्रत्येक टेस्टची कमाल गरज स्क्रिप्ट वाचून सांगता येण्याजोगी, आणि सामान मिळालं की टेस्ट कधी ना कधी संपून ते परत करणार हे नक्की. म्हणून हाच निवडला.

तपासणी कशी चालते

मागणी आली की ब्रोकर तीन गोष्टी बघतो. मागणी टेस्टने जाहीर केलेल्या कमाल गरजेबाहेर जाते का? जात असेल तर ती चूक आहे, थांबवायचं नाही, सरळ एरर द्यायची. तेवढं रॅकमध्ये आहे का? नसेल तर थांबा. असेल तर ते दिलं आहे असं कागदावर धरायचं आणि नवी स्थिती सुरक्षित आहे का ते तपासायचं. सुरक्षित असेल तरच प्रत्यक्ष द्यायचं.

सुरक्षितता तपासणारा भाग असा:

```python
def is_safe(avail, alloc, maxi):
    work = list(avail)
    left = set(alloc)
    while left:
        for j in left:
            need = [m - a for m, a in zip(maxi[j], alloc[j])]
            if all(n <= w for n, w in zip(need, work)):
                work = [w + a for w, a in zip(work, alloc[j])]
                left.remove(j)
                break
        else:
            return False
    return True
```

उरलेल्या सामानात जिची संपूर्ण गरज भागेल अशी एक टेस्ट शोधायची. ती संपली असं समजून तिच्या हातातलं सगळं रॅकमध्ये जमा धरायचं आणि पुन्हा शोधायचं. सगळ्या संपल्या तर स्थिती सुरक्षित, मध्येच कोणी सापडली नाही तर असुरक्षित. एका वेळी दोन टेस्ट बसत असतील तर कोणती आधी घ्यावी याची चिंता नको. टेस्ट संपली की जमा वाढतंच, कमी कधी होत नाही, त्यामुळे चुकीची निवड असा प्रकार इथे नाही आणि मागे येऊन दुसरी वाट शोधावी लागत नाही.

हीच तपासणी त्या रात्रीच्या स्थितीला लावून पाहू. क ची एक-एक नगाची मागणी मान्य केली असं धरलं तर जमा १ आणि १ राहतो. क ला तेव्हा १ आणि २ लागतील, ख ला १ आणि २, ग ला २ आणि २, घ ला १ आणि ४. कोणीच बसत नाही. उत्तर: थांबा.

आता तंतोतंत तेवढीच मागणी, एक सप्लाय आणि एक इंटरफेस, त्याच स्थितीत ख कडून आली असं धरू. जमा पुन्हा १ आणि १ च राहतो. पण ख ला आता फक्त ० आणि १ लागतं, ते बसतं. ख संपली की तिच्या हातातले २ आणि ३ परत येतात आणि जमा ३ आणि ४ होतो. त्यात क ची २ आणि ३ ही गरज भागते, ती संपल्यावर जमा ४ आणि ६. मग ग, मग घ. सुरक्षित, द्यायला हरकत नाही.

रॅकमध्ये उरतं तेवढंच, मागणीही तेवढीच, तरी एकीला नकार आणि दुसरीला होकार. नुसतं किती उरलं यावर हा निर्णय होत नाही, ते कोणाच्या हाती जातं यावरही होतो. हे एकदा डोक्यात बसलं की अल्गोरिदमचा बाकीचा भाग आपोआप सुटतो.

अंमलबजावणीत काय चुकलं

पहिली चूक सामान सोडण्यापाशी झाली. ब्रोकरमध्ये 'अजून लागू शकेल' हा आकडा वेगळा साठवला होता आणि प्रत्येक वाटपाला तो कमी होत असे. टेस्टने मध्येच एक सप्लाय परत केला तर तो वाढवायला हवा होता, कारण तीच टेस्ट पुढे तो पुन्हा मागू शकते. ते राहून गेलं. परिणामी दोनदा घे-सोड केलेली टेस्ट ब्रोकरच्या हिशेबात जवळजवळ संपत आलेली दिसायची, प्रत्यक्षात तिची निम्मी गरज शिल्लक असायची. त्या भरवशावर दिलेली मंजुरी चुकीची ठरली आणि पहिल्याच आठवड्यात एकदा जुनाच डेडलॉक परत दिसला. उपाय वरच्या कोडमध्ये दिसतोच: हा आकडा साठवायचा नाही, दर वेळी कमाल वजा हातातलं असा काढायचा.

दुसरी चूक माणसांच्या बाजूची. कमाल गरज प्रत्येक इंजिनिअरने आपापल्या टेस्टच्या फाइलमध्ये लिहायची होती. कमी पडायला नको म्हणून काहींनी सरळ ६ आणि ८ लिहून टाकलं. असं सगळ्यांनी लिहिलं तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. कुठलीही टेस्ट संपायला तिला अख्खा रॅक लागू शकतो, म्हणजे बाकी कोणाच्याही हातात एकही नग नसला तरच स्थिती सुरक्षित ठरते. अल्गोरिदम बरोबरच चालतो, पण एका वेळी एकच टेस्ट चालते. ओळखायची खूण सोपी होती: रॅक बहुतांश रिकामा आणि लॉगमध्ये नकारामागून नकार. यावर लॅबने जुन्या लॉगमधून प्रत्येक टेस्टने एका क्षणी धरलेलं सर्वांत जास्त सामान काढलं, ते स्क्रिप्टशी ताडून पाहिलं आणि तोच आकडा लिहिणं सक्तीचं केलं. नुसत्या लॉगवर भागत नाही, कारण चूक सापडल्यावरच चालणारी एखादी पायरी महिनोनमहिने चाललेली नसते.

तिसरी अडचण उपासमारीची. गेटवेच्या टेस्टला आणखी चार इंटरफेस लागतात. छोट्या टेस्ट रांगेत येत राहिल्या, त्यांच्या मागण्या सुरक्षित ठरत गेल्या आणि गेटवे तासन्‌तास बसून राहिली. बँकर्स अल्गोरिदम डेडलॉक टाळतो, न्यायाची हमी देत नाही. एखादी मागणी ४० मिनिटांहून जास्त अडली की नवीन टेस्टना प्रवेश बंद, असा नियम घातला. तो पुरतो, त्याला कारण आहे. आत असलेल्या टेस्टची स्थिती सुरक्षित आहे, म्हणजे त्या सगळ्या संपण्याची वाट आहे. बाहेरून भर पडली नाही तर अडलेलीची पाळी येतेच.

सगळ्यांत अवघड निर्णय

एका संध्याकाळी यूएसबी हबने दगा दिला आणि कोणाच्याही हातात नसलेला एक इंटरफेस दिसेनासा झाला. आठाचे सात राहिले. नवीन मागणी कुठलीच आलेली नव्हती, तरी वरच्या तक्त्यातली स्थिती घेतली तर जमा २ आणि २ ऐवजी २ आणि १ होतो. मग ख ला दोन इंटरफेस हवेत, ग ला दोन, क ला तीन, घ ला चार. कोणीच बसत नाही. सुरक्षित स्थिती नुसतं बसल्या जागी असुरक्षित झाली. नगांची संख्या ठरलेली आहे, हे गृहीतच सुटलं की हा अल्गोरिदम नंतर सावरून घेऊ शकत नाही. तो फक्त पुढची मंजुरी रोखू शकतो.

इथे दोन पर्याय होते. स्थिती असुरक्षित झाली की ड्युटीवरच्या माणसाला मेसेज पाठवायचा आणि कोणती टेस्ट मारायची ते त्याने ठरवायचं, किंवा आठवा इंटरफेस मुळात हिशेबातच धरायचा नाही. दुसरा पर्याय महाग वाटत होता, इंटरफेसचा आठवा हिस्सा नुसता पडून. पण कुठल्याच टेस्टची कमाल गरज पाचाच्या वर नव्हती, त्यामुळे सातांवर कुठलीच टेस्ट कायमची अडणार नव्हती. फार तर नकार थोडे वाढले असते. लॅबने दुसरा पर्याय घेतला आणि मेसेजची सोयही ठेवली.

निष्पत्ती

त्यानंतर चक्राकार अडकणं दिसलं नाही. डेडलॉक ओळखणारी एक वेगळी तपासणी मुद्दाम चालू ठेवली आहे, कारण ती कधी वाजली तर अल्गोरिदममध्ये नाही, हिशेबात चूक झाली आहे असं समजायचं. तपासणीला लागणारा वेळ विचारात घेण्यासारखा नाही. तो टेस्टच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि इथे टेस्ट चार ते सहा असतात.

थांबण्याचा वेळ मात्र वाढला आणि पहिली तक्रार त्याचीच आली. स्क्रीनवर दोन सप्लाय, दोन इंटरफेस रिकामे दिसत असताना एका इंजिनिअरची टेस्ट थांबलेली होती. ‘अहो, समोर पडलेत ना, मग देत का नाही?’ या प्रश्नाला ब्रोकरकडे उत्तर नव्हतं, कारण तो नुसतं `denied` लिहीत असे. आता नकारासोबत तो कारण लिहितो: ही मागणी दिली तर कोणाला किती कमी पडेल आणि कोणती टेस्ट संपली की वाट मोकळी होईल. वरच्या उदाहरणात क ला ‘ख संपण्याची वाट’ एवढं दिसतं. तक्रारी तिथेच थांबल्या.

काय वेगळं करता आलं असतं

नकाराचं कारण पहिल्या दिवसापासून दाखवायला हवं होतं. त्यासाठी लागणारी सगळी माहिती तपासणीच्या पोटात तयारच असते, फक्त ती फेकून दिली जात होती.

क सारखी मोठी टेस्ट दोन तुकड्यांत मोडायला हवी होती. तिला पाच इंटरफेस फक्त शेवटच्या पायरीत लागतात, पण कमाल गरज पूर्ण टेस्टची धरली जाते, म्हणून पहिल्या पायरीपासूनच ती बाकीच्यांना नकार मिळवून देते. मधल्या टप्प्यावर सगळं सामान सोडून, दुसरा तुकडा वेगळी टेस्ट म्हणून आत आणला असता तर चाललं असतं. रिकाम्या हाताने आत येणारी टेस्ट सुरक्षित स्थिती कधीच बिघडवत नाही, तिची गरज एकूण सामानात बसत असली की ती क्रमात शेवटी ठेवता येते.

आणि रॅकला कुलूप पहिल्याच आठवड्यात लावायला हवं होतं. दिवसा टेबलावर काही तपासताना टेक्निशियन रॅकमधला एखादा इंटरफेस हाताने काढून नेत आणि संध्याकाळी परत लावत. ब्रोकरच्या वहीत तो आतच असे. आता हिशेबाबाहेर ठेवलेला आठवा इंटरफेस टेबलाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असतो. हाताने न्यायचा तर तोच न्यायचा, रॅकला हात लावायचा नाही.